जेवायला बसलं की फुगणारी गाठ: लाळग्रंथीतल्या खड्याचं एक प्रकरण

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी दातांचा डॉक्टर आहे. ही गोष्ट एका त्रेचाळीस वर्षांच्या शेतकऱ्याची. ओळख पटू नये म्हणून नाव, गाव सांगत नाही. इथे त्यांना नुसतं भाऊ म्हणतो, ओपीडीतही तसंच म्हणायचो.

भाऊ मार्चच्या शेवटी आले ते तापानं फणफणत. डावीकडे जबड्याच्या हाडाखाली लिंबाएवढी सूज, कातडी लालसर, तोंड नीट उघडेना. चार दिवसांपासून सूज उतरलीच नव्हती, म्हणून घाबरून आले होते. बरोबर पत्नी होत्या आणि एक पिशवी. पिशवीत चौदा महिन्यांची कागदपत्रं: निरनिराळ्या दवाखान्यांच्या चिठ्ठ्या, प्रतिजैविकांचे पाच कोर्स, एक जबड्याचा ओपीजी एक्स-रे, गंडमाळेच्या, म्हणजे क्षयाच्या गाठींच्या, शंकेनं केलेली थुंकीची आणि छातीची तपासणी. शिवाय एक दाढ काढून झालेली होती. दाढ गेली, गाठ राहिली.

सूज कधी येते, हे त्यांना नीट विचारलेलं कुठल्याच कागदावर दिसलं नाही. मी विचारलं.

"घास तोंडात घेतला का इथं गोया येते जी. आंबट असलं तं ईचारूच नका, ठणकते. अर्ध्या-पाऊण घंट्यानं आपोआप उतरते. पहिले मले वाटे दाढच हाये."

पत्नी म्हणाल्या, "कढी-गोळे केले का हे ताटावरून उठूनच जातेत. मी म्हणो, माह्या हातची चव गेली का काय!"

निदान जवळजवळ इथेच झालं होतं. गंडमाळेच्या गाठीला जेवणाची वेळ कळत नाही. दाढेचा पू चटणी-भाकरीची वाट पाहत थांबत नाही. कर्करोगाची गाठ हळूहळू वाढत जाते, जेवणागणिक वर येऊन खाली जात नाही. घास दिसला, वास आला की भरून येते आणि मग ओसरते, अशी जबड्याखाली एकच वस्तू आहे, ती म्हणजे लाळग्रंथी. खाणं समोर आलं की ग्रंथी एकदम जास्त लाळ करू लागते. वाट मोकळी असेल तर ती तोंडात येते. वाट अर्धवट अडलेली असेल तर लाळ मागे साचते, ग्रंथीचं आवरण ताणतं आणि दुखतं. जेवण संपलं की लाळ कमी होते, साचलेली लाळ अडथळ्याच्या कडेनं थेंबथेंब निघून जाते आणि गाठ बसते. भाऊ चौदा महिने हेच सांगत होते. ऐकणाऱ्यांनी "गाठ आहे" एवढंच लिहून घेतलं.

लाळेच्या खड्यांपैकी ऐंशी टक्क्यांहून जास्त खडे जबड्याखालच्या ग्रंथीतच होतात. कानापुढच्या ग्रंथीत कमी, जिभेखालच्या लहान ग्रंथीत क्वचित. कारण नळीच्या रचनेत आहे. लंडनचे वैद्य थॉमस व्हार्टन यांनी १६५६ मध्ये या नळीचं वर्णन केलं आणि आजही ती त्यांच्याच नावानं ओळखली जाते. ती साधारण पाच सेंटिमीटर लांब असते. ग्रंथीपासून निघून मागे एका स्नायूला वळसा घालते, मग जिभेखालून चढत पुढच्या दातांमागे उघडते. म्हणजे लाळेला वर चढायचं असतं. त्यातून या ग्रंथीची लाळ चिकट, जरा अल्कधर्मी आणि कॅल्शियम-फॉस्फेटनं भरलेली. विहिरीचं जड पाणी ठिबकच्या नळीत साचून राहिलं की आत पांढरा थर धरतो, तसंच इथे होतं. चिकट द्रवाच्या किंवा पेशींच्या एखाद्या कणाभोवती थरावर थर चढत खडा तयार होतो.

त्या दिवशी मात्र खडा शोधून लगेच काढण्याची वेळ नव्हती. जीभ उचलून पाहिली तर डाव्या नळीचं तोंड लाल सुजलेलं होतं, आणि गाठीवर बाहेरून हलकं दाबताच तिथून पिवळा पू आला. पू असताना चिरा दिला तर ऊती फाटतात, रक्त आवरत नाही, नस ओळखू येत नाही आणि भूलही नीट चढत नाही. म्हणून आधी संसर्ग शमवायचा. ॲमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट सात दिवस, दुखण्याची गोळी, भरपूर पाणी, बाहेरून कोमट शेक. सूज थोडी उतरली की ग्रंथीवरून मागून पुढे, हनुवटीच्या दिशेनं, हळुवार चोळायला सांगितलं.

आणि पत्नीला एक गोष्ट बजावून सांगितली. जिभेखालचा भाग वर उचलला जाऊन जीभ टाळूला लागायला लागली, थुंकी गिळता येईना, आवाज घोगरा झाला किंवा श्वासाला त्रास झाला, तर सकाळची वाट पाहायची नाही, रात्रीच गाडी करून मोठ्या दवाखान्यात जायचं. ग्रंथीतला पू दोन्ही बाजूंनी तोंडाच्या तळात पसरला तर श्वासाची वाट बंद होऊ शकते. हे क्वचितच होतं, पण होतं तेव्हा तासांत होतं.

दहा दिवसांनी भाऊ आले ते ताप नसलेले आणि हसरे. "बरं वाटते, आता राहू द्या" असं म्हणायला आले होते. बरेच रुग्ण इथेच सुटतात. औषधानं पू जातो, खडा जागेवरच असतो, आणि दोन महिन्यांनी पुन्हा तेच. त्यांचे पाच कोर्स असेच झाले होते.

त्या दिवशी मी लिंबाची परीक्षा केली. जीभ वर करून दोन्ही नळ्यांची तोंडं कापसानं कोरडी केली, जिभेवर लिंबाचे दोन थेंब टाकले आणि पाहत बसलो. उजवीकडे काही सेकंदांत पाण्यासारखी स्वच्छ लाळ टपटपली. डावीकडे कोरडं. मिनिटभरात जबड्याखालची गाठ हाताला भरून आली आणि भाऊंनी डोळे मिटले. पत्नीला ते सगळं समोर दिसलं, त्यामुळे पुढे फार समजवावं लागलं नाही.

मग बोटांची तपासणी. एका हाताचं हातमोजा घातलेलं बोट तोंडात, जिभेच्या कडेला तळावर. दुसऱ्या हाताची बोटं बाहेरून जबड्याखाली. दोन्हींमध्ये तळ धरून मागून पुढे यायचं. दिशा महत्त्वाची आहे. पुढून मागे गेलात तर सैल खडा बोटानंच ग्रंथीकडे ढकलला जातो, आणि सोपं काम अवघड होऊन बसतं. भाऊंच्या डाव्या पहिल्या दाढेच्या थोडं पुढे, तळात, तुरीच्या दाण्यासारखं काहीतरी टणक लागलं.

पिशवीतला ओपीजी मी पुन्हा उजेडावर धरला. आता ठाऊक असल्यामुळे दिसलं: दाढेच्या मुळावर एक धूसर पांढरा डाग. त्या एक्स-रेमध्ये जबड्याचं हाड आणि जिभेखालचा भाग एकावर एक येतात, त्यामुळे खडा हाडात मिसळून जातो. कुणी पाहिला असेल तरी मुळाचाच भाग समजला असेल, आणि बहुधा त्याच डागापायी ती दाढ गेली. योग्य चित्र वेगळं असतं. मोठी फिल्म वरच्या आणि खालच्या दातांमध्ये आडवी चावून धरायची आणि एक्स-रेचं नळकांडं हनुवटीखालून सरळ वर रोखायचं. किरणं नेहमीपेक्षा कमी द्यायची, नाहीतर फिल्म काळी होऊन खडाच पुसला जातो. या फिल्मवर हाड कडेला राहतं आणि तोंडाचा तळ मोकळा दिसतो. भाऊंच्या फिल्मवर जबड्याच्या आत लांबट पांढरा दाणा स्पष्ट उमटला. नऊ मिलिमीटर लांब, पाच रुंद.

जबड्याखालच्या ग्रंथीचे बहुतेक खडे एक्स-रेवर दिसतात. सगळे नाहीत. कानापुढच्या ग्रंथीचे तर बरेचसे दिसतच नाहीत. म्हणून एक्स-रे कोरा आला की "खडा नाही" असं म्हणायचं नाही, पुढे सोनोग्राफी करायची. तिच्यात दोन मिलिमीटरच्या वरचा खडा सहसा सापडतो, ग्रंथी किती फुगली आहे ते कळतं आणि खड्यामागे नळी किती रुंदावली ते दिसतं. तरीही शंका राहिली तर सीटी स्कॅन. भाऊंची सोनोग्राफी यवतमाळला करून घेतली. अहवाल: ग्रंथी मोठी, नळी रुंद, नळीत नऊ मिलिमीटरचा एक खडा. एक. हा शब्द लक्षात ठेवा.

दरम्यान भाऊंच्या शंका सुरू झाल्या होत्या. पहिली खर्ऱ्यातल्या, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या मिश्रणातल्या, चुन्याची. चुना म्हणजे कॅल्शियम, खडाही कॅल्शियमचा, हिशेब सरळ वाटत होता. मी सांगितलं, खड्यातलं कॅल्शियम ग्रंथी स्वतः लाळेत सोडते त्यातलंच असतं. चुना बंद केल्यानं तो विरघळणार नाही. खर्रा सोडायचाच आहे, पण वेगळ्या कारणासाठी. त्यांच्या गालाच्या आतल्या पांढऱ्या ताठ पट्ट्या मी त्यांना आरशात दाखवल्या. तोंड अडीच बोटंच उघडत होतं. त्यामुळे माझंही काम अवघड होणार होतं. दुसरी शंका मेहुण्याकडून आलेली: कुळथाचं पाणी आणि पानफुटीचा रस. मुतखड्यावर लोक तो घेतात, त्याची चर्चा इथे नको. पण पोटात गेलेली वस्तू लाळेच्या नळीतला नऊ मिलिमीटरचा खडा विरघळवत नाही, आणि तसं करणारं औषध आमच्याकडेही नाही. तीन-चार मिलिमीटरचा खडा नळीच्या तोंडाजवळ असेल तर पाणी, आंबट गोळ्या आणि चोळणं यांनी तो आपसूक बाहेर पडलेला मी पाहिला आहे. हा आकारानं त्या पलीकडचा होता.

शस्त्रक्रिया एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, सकाळी, दातांच्या खुर्चीतच केली. दाढ काढायला देतो ती लिग्नोकेन-ॲड्रिनॅलिनची भूल जिभेच्या नसेजवळ आणि थोडी तळात. ॲड्रिनॅलिनमुळे रक्त कमी येतं आणि उथळ जागेत नजर स्वच्छ राहते.

पहिलं काम चिरा देण्याचं नव्हतं. खड्याच्या मागे, म्हणजे ग्रंथीच्या बाजूला, नळीखालून रेशमी धाग्याचा एक टाका घालून तो वर ओढून धरला. हे विसरलं की खडा हमखास मागे घसरतो. मी नवीन असताना एकदा घसरवला आहे. चिरा देऊन बघतो तर नळी रिकामी, आणि तो रुग्ण मग मोठ्या शस्त्रक्रियेला गेला. सहायकानं बाहेरून जबड्याखाली मूठ लावून तळ वर उचलला, त्यामुळे खडा पृष्ठभागाजवळ आला.

मग खड्याच्या बरोबर वर, नळीच्या रेषेतच, तळाच्या पातळ आवरणावर दीड सेंटिमीटरचा चिरा. तिथून पुढे सुरी ठेवून दिली आणि बोथट कात्रीनं ऊती बाजूला सारत गेलो. या जागेची भीती एकाच गोष्टीची असते. जिभेला स्पर्श देणारी नस मागच्या दाढांपाशी बाहेरच्या बाजूनं येते, नळीच्या खालून जाते आणि आतल्या बाजूला वर चढते. पुढच्या भागात, पहिल्या दाढेच्या अलीकडे, ती सहसा खोल असते, म्हणून इथला खडा तोंडातून काढायला सोपा. जसजसं मागे जाल तसतशी नस आणि नळी जवळ येतात. तिथे घाई केली तर जिभेची ती बाजू कायमची बधिर होऊ शकते. भाऊंचं तोंड अडीच बोटं उघडत असल्यामुळे मला हवा तेवढा उजेड मिळत नव्हता, आणि खडा आणखी सेंटिमीटरभर मागे असता तर मी खुर्चीत हात घातलाच नसता.

नळी दिसली, फुगलेली, निळसर पांढरी. खड्यावर तिला लांबीत चीर दिली. खडा लगेच बाहेर आला, मागोमाग घट्ट दुधी लाळ सुटली आणि गाठ हाताखाली मऊ पडली. भाऊ भुलेत असूनही म्हणाले, "सुटलं वाटते." सलाइननं नळी धुतली. चीर शिवून बंद केली नाही. बंद केली की ती भरताना आकसते आणि खडा गेला तरी अडथळा राहतो. तिच्या कडा तळाच्या आवरणाला विरघळणाऱ्या धाग्यानं जोडल्या, म्हणजे लाळेला आणखी मागे, रुंद, नवं तोंड मिळतं. एकूण पस्तीस मिनिटं. भूल उतरल्यावर जिभेला कापसाचा बोळा लावून दोन्ही बाजूंची जाणीव तपासली. ठीक होती.

खडा पिवळट, खरबरीत, तुरीच्या लांबट दाण्यासारखा. तो बाटलीत घालून दिला. घरी ओसरीवर महिनाभर प्रदर्शन चाललं असेल.

माझी चूक इथे झाली. शस्त्रक्रियेनंतर पुन्हा फिल्म घ्यायला हवी होती, ती घेतली नाही. खडा हातात होता, लाळ सुटली होती, बाहेर दाढदुखीवाले ओळीत बसले होते.

तीन आठवड्यांनी भाऊ पुन्हा आले. सूज पूर्वीइतकी नव्हती, पण जेवताना येत होतीच. नवं तोंड बारीक सळईनं तपासलं, ते उघडं होतं, म्हणजे नळी आकसली नव्हती. दोन्ही बोटांत आता काहीच टणक लागेना. दुसऱ्या सोनोग्राफीत कारण सापडलं. जिथे नळी ग्रंथीतून निघते त्या वळणावर तीन मिलिमीटरचा आणखी एक खडा. पहिल्या वेळी सगळ्यांचं लक्ष मोठ्या खड्यावर आणि फुगलेल्या नळीवर होतं, त्यात हा निसटला. एकाच ग्रंथीत दोन किंवा जास्त खडे असणं मुळीच दुर्मीळ नाही. म्हणून पहिला सापडला की शोध थांबवायचा नसतो.

भाऊंच्या मुलानं विचारलं, "साहेब, ती गाठच काढून टाका नं. झंझट नको." हा पर्याय खरोखर आहे, आणि वळणावरच्या खड्यांसाठी पूर्वी तोच नेहमीचा होता. पूर्ण भूल देऊन मानेवर, जबड्याच्या कडेपासून दोन बोटं खाली चिरा देऊन ग्रंथी काढतात. चिरा इतका खाली घेतात, कारण जबड्याच्या कडेनं खालच्या ओठाला हलवणारी बारीक नस जाते. तिला धक्का लागला की हसताना ओठ वाकडा होतो. आत जिभेच्या स्पर्शाची आणि हालचालीची अशा आणखी दोन नसा असतात. शिवाय खडा निघाल्यावर कितीही खराब दिसणारी ग्रंथी बरेचदा पुन्हा काम करू लागते. आपण काही खात नसतो तेव्हा तोंडात जी लाळ असते, तिचा मोठा वाटा जबड्याखालच्या दोन्ही बाजूंच्या या ग्रंथींचाच असतो. तीन मिलिमीटरच्या खड्यापायी ती घालवणं मला पटेना.

त्यांना नागपूरला कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठवलं, जिथे लाळेच्या नळीची दुर्बीण होती. ही दुर्बीण एक ते दीड मिलिमीटर जाडीची असते. नळीच्या तोंडातून आत सरकवतात, सलाइन सोडत नळी फुगती ठेवतात आणि पडद्यावर खडा दिसला की तारेची इवली टोपली उघडून त्यात पकडून ओढून घेतात. मर्यादा आकाराची. या ग्रंथीत साधारण चार मिलिमीटरपर्यंतचा, सैल फिरणारा खडा टोपलीत येतो. मोठा असेल तर आधी लेझरनं फोडावा लागतो किंवा दुर्बिणीनं जागा दाखवून तोंडातून चिरा द्यावा लागतो. भाऊंना एक फायदा आपसूक झाला. या कामात सगळ्यात त्रास नळीचं इवलं मूळ तोंड रुंद करण्याचा असतो, आणि माझ्या चिऱ्यानं तयार झालेलं तोंड आधीच रुंद होतं. खडा निघाला. दुर्बीण ग्रंथीपर्यंत नेऊन मागे आणखी काही नाही ना, हे त्याच वेळी पाहिलं गेलं. दोन दिवस ग्रंथी पाण्यानं सुजलेली राहिली, मग उतरली.

पुढे मी त्यांना तीनच गोष्टी सांगितल्या. शेतावर जाताना मोठी बाटली न्यायची आणि ती रिकामी करून आणायची, कारण उन्हाळ्यात अंगातलं पाणी तुटलं की लाळ आणखी घट्ट होते. सकाळ-संध्याकाळ जेवणाआधी ग्रंथीवरून मागून पुढे चोळायचं. आणि सूज पुन्हा आली तर मेडिकलमधून गोळ्या न घेता आधी इकडे यायचं, कारण खडा पुन्हा होऊ शकतो.

ऑक्टोबरमध्ये, कापूस वेचायच्या धामधुमीत, ते दुसऱ्याच दाढेसाठी आले. मी ती पाहण्याआधी जीभ उचलायला लावली, दोन्ही बाजू कोरड्या केल्या आणि लिंबाचे दोन थेंब टाकले. उजवीकडून लाळ लगेच आली. डावीकडून थोडी उशिरा, थोडी कमी, पण स्वच्छ. जबड्याखाली हात ठेवला होता, काही भरलं नाही. खर्रा मात्र सुटला नव्हता, खिशात पुडी होती.